चित्रातलं स्वयंपाकघर आणि टेपवरचं स्वयंपाकघर

मॉड्युलर किचनचं थ्री-डी चित्र पाहताना आपण आधी शटरचा रंग पाहतो, मग दिवे, मग ओट्याचा दगड. त्या चित्रात दोन ओट्यांमध्ये किती जागा आहे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. चित्र पाहून ते कळतही नाही. मी अशी चित्रं काढण्याचं काम करतो, आणि माझा अनुभव असा की खोटं चित्र बहुतेक वेळा फसवण्यासाठी काढलेलं नसतं. कुठेतरी सहा मिलिमीटर गिळलेले असतात, कुठेतरी तयार साठ्यातला एखादा फ्रिज जसाच्या तसा आणून ठेवलेला असतो, आणि वर कॅमेऱ्याने सगळं ऐसपैस करून दाखवलेलं असतं.

एक उदाहरण सुरुवातीपासून घेऊ. त्यातल्या दोन चुका माझ्याच होत्या, त्यामुळे ते मला पाठ आहे. घरमालकीणबाईंनी मापं पाठवली ती अशी: "स्वयंपाकघर दहा बाय साडेसात फूट. लांब भिंतीत खिडकी, आखूड भिंतीत दार." एका लांब भिंतीला मुख्य ओटा, समोरच्या भिंतीला फ्रिज आणि उंच कपाट, म्हणजे मधून चालायची गल्ली. जुनी फरशी आणि भिंती तशाच ठेवून त्यांवर नव्या टाइल लावायच्या होत्या.

दहा फूट म्हणजे ३०४८ मिमी. कपाटं मिलिमीटरमध्ये कापली जातात, म्हणून मी त्यांना टेप घेऊन पुन्हा मोजायला सांगितलं, आणि तेही तीन उंचींवर: जमिनीलगत, ओट्याच्या उंचीला आणि वरच्या कपाटांच्या उंचीला. आकडे आले ३०४२, ३०३० आणि ३०२४. भिंती अशाच असतात. गिलावा वरखाली जाडपातळ होतो, ओळंबा धरला की भिंत थोडी झुकलेली दिसते. खालची कपाटं जमिनीपासून ओट्यापर्यंतच्या पट्ट्यात बसतात, म्हणून त्या पट्ट्यातलं सगळ्यात लहान माप त्यांचं, म्हणजे ३०३०. वरच्या कपाटांसाठी ३०२४. सरासरी काढून इथे उपयोग नाही, कारण कपाट सगळ्यात अरुंद जागी अडतं.

मग टाइल. नवी टाइल ८ मिमी आणि तिच्यामागचा चिकटवणारा थर साधारण ४, म्हणजे प्रत्येक भिंत १२ मिमी आत येणार. दोन्ही टोकांना धरून २४ गेले. ३०३० मधून २४ वजा केले की ३००६ मिमी. खरी भिंत एवढीच. दहा फुटांतून ४२ मिमी कागदावरच कमी झाले आणि अजून एकही कपाट ठेवलेलं नाही.

कपाटांचे डबे ठरावीक रुंदीचे येतात: ३००, ४५०, ६००, ९०० अशा मापांत, मधली काही मापंही मिळतात. पहिल्या चित्रात मी डावीकडून असे ठेवले होते: बाटल्यांचं ओढकपाट ३००, शेगडीखालचं ६००, खणांचं ६००, सिंकखालचं ९०० आणि उजव्या टोकाला डिशवॉशर ६००. बेरीज ३०००. भिंत ३००६. सहा मिमी उरतात, म्हणजे बसलं की! संगणकावर तर इतकं छान बसलं की पहिल्या शटरची कड भिंतीला टेकलेली आणि शेवटच्याचीही.

प्रत्यक्षात हे उघडलंच नसतं. भिंतीला लागून असलेलं ओढकपाट बाहेर येताना टाइलच्या कडेला घासतं. भिंत सरळ नसेल तर डबा आतच जात नाही. ही खोली काटकोनात आहे का हे पाहायला आम्ही दोन्ही कर्ण मोजले, त्यांत २० मिमीचा फरक निघाला. एवढ्या आकाराच्या खोलीत याचा अर्थ असा की भिंतीपासून ६२० मिमी पुढे येईपर्यंत बाजूची भिंत साडेतीन मिमी तिरपी गेलेली असते. डब्यांच्या रांगेला मोकळी जागा मिळून सहा मिमी, आणि त्यातले साडेतीन असे गेले. म्हणून टोकांना फिलर लावतात. शटरच्याच रंगाची ही उभी पट्टी सुतार जागेवर भिंतीच्या तिरपेपणाप्रमाणे तासून बसवतो. तिच्यासाठी प्रत्येक टोकाला साधारण ५० मिमी सोडायचे.

मग सोडायचे कुठून? मी खणांचा डबा ६०० वरून ५०० केला. हिशोब असा झाला:

५३ + ३०० + ६०० + ५०० + ९०० + ६०० + ५३ = ३००६

उजवीकडचे ५३ सगळेच फिलर नाहीत. डिशवॉशरला स्वतःचा डबा नसतो, ते दोन कपाटांमधल्या मोकळ्या जागेत सरकवतात. टोकाला ओट्याचा दगड पेलायला एक उभी फळी लागते, १८ मिमीची. म्हणजे तिथे १८ फळीचे आणि ३५ फिलरचे. चित्र पाहताना डिशवॉशर थेट भिंतीला टेकलेलं दिसलं तर समजावं की ही फळी विसरली गेली आहे.

शंभर मिमीचे खण गेल्याचं बाईंना वाईट वाटलं. मलाही वाटलं, कारण शेगडी आणि सिंकच्या मधली चिरायची-कापायची जागा तिथेच होती. ती थोडी परत मिळवायला सिंकचं भांडं ९०० च्या डब्यात उजवीकडे सरकवलं. पण दुसरा, जास्त सोपा आणि जास्त वाईट मार्गही उपलब्ध असतो: संगणकावर पूर्ण रांग निवडायची आणि ती भिंतीएवढी ताणायची किंवा दाबायची. चित्र सुंदर येतं. ६०० ची शटरं ५८० ची होतात, आणि त्याबरोबर डिशवॉशरही ५८० चं होतं. तसं यंत्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून समोरून काढलेलं चित्र हातात आलं की पहिल्यांदा यंत्रांच्या रुंदीची आजूबाजूच्या शटरांशी तुलना करावी. डिशवॉशरचं तोंड आणि ६०० चं शटर सारखं दिसलं पाहिजे, आणि सगळ्या आकड्यांची बेरीज भिंतीएवढी झाली पाहिजे, फिलरसकट. ज्या चित्रात फिलरच नाहीत, त्यात बेरीज कुणी केलेलीच नसते.

आता उंची. हा भाग लोक सगळ्यात कमी मोजतात आणि पाठदुखीच्या रूपाने सगळ्यात जास्त भोगतात.

चित्र काढणाऱ्याकडे एक तयार उंची असते: १०० मिमीचे पाय, ७२० चा डबा, वर २० मिमीचा दगड, एकूण ८४०. ही उंची कुणाच्या तरी शरीराला बरोबर बसते, तुमच्याच असं नाही. उभं राहून, हात कोपरात काटकोनात वाकवून, जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्यावं. घरात चप्पल घालून काम करत असाल तर चप्पल घालून. ओटा या मापाच्या १० ते १५ सेंटीमीटर खाली असावा. बाईंचं कोपर १००० मिमीवर आलं, म्हणजे ओटा ८५० ते ९०० च्या दरम्यान. ८४० चा ओटा त्यांना खालीच पडला असता. आम्ही ८७० ठरवलं.

यातही एक तडजोड आहे. शेगडीवर भांडं ठेवलं की ढवळायची जागा ओट्याच्या वर जाते, त्यामुळे शेगडी थोडी खाली असलेली बरी. सिंकमध्ये उलटं: भांड्याचा तळ ओट्याच्या साधारण २० सेंमी खाली असतो, म्हणजे घासताना वाकावं लागतं, त्यामुळे सिंक वर असलेलं बरं. सलग दगडात हे दोन्ही साधत नाही. म्हणून मी चिरण्याच्या जागेची उंची धरतो आणि सिंक फार खोल नको म्हणून सांगतो. घरात दोन उंचींची माणसं असतील तर त्यांची सरासरी काढण्यापेक्षा रोज जास्त वेळ उभं राहणाऱ्याचं माप घ्यावं, असं माझं मत आहे. सरासरी कुणालाच सोयीची पडत नाही.

८७० मधून दगडाचे २० आणि डब्याचे ७२० गेले की पायांना १३० उरतात. कपाटांचे पाय फिरवून वरखाली करता येतात, त्यामुळे ते जमतं. पण १३० कुठून मोजायचे? जमिनीपासून, हे उत्तर अपुरं आहे. स्पिरिट लेव्हल ठेवली तर त्या खोलीची फरशी दाराकडे १२ मिमी उंच निघाली. नवी टाइल तिच्यावरच चिकटवायची होती, म्हणजे तो उतार तसाच वर येणार. आणि दाराकडच्या टोकाला नेमकं डिशवॉशर.

पहिल्या चित्राप्रमाणे काय झालं असतं ते बघा. ओटा ८४०, त्यातून दगड वजा केला की खाली ८२० ची पोकळी. डिशवॉशरला साधारण ८१५ ते ८२० लागतात. कागदावर बसतं. पण ते ८४० डावीकडच्या सखल कोपऱ्यात मोजले असते आणि ओटा पाणसळीत सरळ नेला असता, तर दाराजवळ पोकळी ८०८ राहिली असती. यंत्र आत गेलंच नसतं, आणि हे दगड बसल्यानंतर कळलं असतं. म्हणून उंची नेहमी फरशीच्या सगळ्यात उंच जागेवरून धरायची. आमच्या ८७० च्या ओट्याखाली दाराजवळ ८५० ची पोकळी मिळाली. डावीकडे ओटा जमिनीपासून ८८२ वर आला. शेगडीकडची बाजू जरा उंच झाली, ते मी बाईंना आधीच सांगितलं. संगणकाच्या चित्रात फरशी काचेसारखी सपाट असते, तिथे हे दिसणं शक्य नाही.

खिडकीची चूक याच हिशोबातून निघाली. खिडकीचा खालचा कठडा जुन्या फरशीपासून १०१० मिमीवर होता आणि मी चित्रात तोच आकडा ठेवला. नवी फरशी थरासकट १५ मिमी वर येणार, म्हणजे कठडा ९९५ वर. ओटा ८४० चा ८७० झाला. चित्रात दगड आणि कठडा यांच्यात १७० मिमी दिसत होते, खरे उरले १२५. सिंकचा नळ २८० मिमी उंच. आणि खिडकीची झडप आत उघडणारी! चित्रात झडप बंद होती, म्हणून सगळं शोभून दिसत होतं. शेवटी आडवा पडणारा नळ घेतला. तेव्हापासून मी प्रत्येक चित्र दोनदा काढतो, एकदा सगळं बंद ठेवून आणि एकदा सगळं उघडून: दारं, खण, झडपा, डिशवॉशरचं तोंड. दुसरं चित्र बेढब दिसतं. मी आधी तेच दाखवतो.

उघडलेल्या चित्रानेच माझी दुसरी चूक पकडली. ती जास्त गंभीर होती.

खोलीची रुंदी सगळ्यात कमी जागी २३०४ होती, टाइल धरून २२८०. पहिल्या चित्रात मुख्य ओट्याची खोली मी ५८० धरली होती आणि समोर ६०० खोलीचा फ्रिज. मधे ११०० उरत होते. नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशन या अमेरिकी संस्थेच्या मार्गदर्शक मापांत एकट्याने काम करायचं असेल तर ४२ इंच, म्हणजे साधारण १०६५ मिमी, आणि दोघांसाठी ४८ इंच, म्हणजे सुमारे १२२० मिमीची वाट सुचवलेली आहे. मी म्हटलं, चला, एकट्यापुरतं ठीक आहे.

बाई चित्र बघून म्हणाल्या, "यात तर आम्ही दोघंही आरामात मावू."

त्या वाक्याने मी परत मोजायला बसलो. ५८० ही नुसत्या कपाटाची खोली झाली, शटरसकट. दगड शटरच्या पुढे २० मिमी येतो, म्हणजे शटरवर पाणी ठिबकत नाही. कपाटाच्या मागे पाइप आणि वाकडी भिंत यांच्यासाठी आणखी २० सोडावे लागतात. खरा ओटा ६२०. फ्रिजचं तर विचारूच नका. मी चित्रांच्या साठ्यातला एक फ्रिज उचलला होता, तो कपाटांशी नीट जुळावा म्हणून ६०० खोलीचा बनवलेला. त्यांच्या घरी असलेला फ्रिज मोजला: अंग ७०० चं, मागे हवेला जागा आणि पुढे मूठ धरून ७५०. आता २२८० मधून ६२० आणि ७५० वजा करा. ९१० राहतात. त्यात दोघं नाहीत, एकट्यालाही जपूनच.

आणि फ्रिज नेमका डिशवॉशरच्या समोर, दाराशी. डिशवॉशरचं तोंड खाली पाडलं की ते साधारण ६०० मिमी पुढे येतं. ९१० मधून ६०० गेले, ३१० उरले. भांडी लावत असताना फ्रिज उघडणार नाही, आणि कुणी खोलीत येऊही शकणार नाही.

फ्रिज डाव्या टोकाला नेला, शेगडीच्या समोर. भिंतीला अगदी चिकटवला नाही, कारण दार काटकोनापेक्षा जास्त उघडल्याशिवाय आतले ट्रे बाहेर येत नाहीत. दाराकडच्या बाजूला समोरच्या भिंतीला फक्त ३५० खोलीचं कपाट ठेवलं. तिथे वाट झाली २२८० वजा ६२० वजा ३५०, म्हणजे १३१०. डिशवॉशर उघडं असताना ७१० उरतात, माणूस जातो. शेगडीसमोर मात्र ९१० च राहिले. तिथला ५०० मिमी बाहेर येणारा खण उघडताना बाजूला उभं राहावं लागेल. शिवाय पाण्याच्या बाटलीसाठी येणारा प्रत्येक जण आता स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीमागून जाणार. हे काही आदर्श नाही. पण दोन त्रासांपैकी कोणता घ्यायचा हे बाईंनी आकडे बघून ठरवलं, आणि ठरवायचा हक्क त्यांचाच होता.

काम करायच्या अंतरांबद्दल एक शब्द नेहमी कानावर पडतो, तो म्हणजे त्रिकोण: फ्रिज, सिंक आणि शेगडी यांना जोडणाऱ्या तीन रेषा. प्रत्येक रेषा साधारण ४ ते ९ फूट असावी आणि तिन्ही मिळून २६ फुटांच्या आत, असा जुना संकेत आहे. रेषा प्रत्येकाच्या पुढच्या कडेच्या मध्यापासून मोजायच्या, कारण माणूस तिथे उभा राहतो, भिंतीत नाही. लहान खोलीत हा त्रिकोण जवळपास नेहमी उत्तीर्ण होतो, म्हणून मी त्यावर फार वेळ घालवत नाही. माझ्या मते त्यापेक्षा जास्त कामाचा प्रश्न असा: गरम भांडं उचलल्यावर ते ठेवायला हाताशी किती दगड मोकळा आहे? आमच्या आराखड्यात शेगडीच्या डाव्या हाताला ३५३ मिमी आहेत, उजवीकडे ५०० आणि सिंकपर्यंतचं थोडं वर. पुरतं.

राहिला कॅमेरा. सगळे आकडे खरे असूनही चित्र खोटं बोलू शकतं, ते याच्यामुळे. संगणकातल्या कॅमेऱ्यालाही भिंग असतं. ३५ मिमीचं भिंग आडव्या दिशेने साधारण ५४ अंश पाहतं, १८ मिमीचं ९० अंश. तीन मीटरच्या खोलीत ३५ च्या भिंगाने फार थोडं दिसतं, म्हणून चित्र काढणारा १८ घेतो. त्यात समोरची भिंत लांब जाते, वाट रुंद होते आणि कडेच्या वस्तू बाहेर ताणल्या जातात. काही जण एक भिंत अदृश्य करून कॅमेरा खोलीबाहेर नेतात. ते वाईट नाही, पण सांगायला हवं, कारण त्या जागेवरून तुम्ही ही खोली कधीच पाहणार नाही.

ओळखायचं कसं? फरशीच्या टाइल मोजा. टाइल ६०० ची असेल तर ९१० च्या वाटेत दीड टाइल दिसली पाहिजे. चित्रात अडीच दिसल्या तर एक तर टाइल चुकीच्या मापाची लावली आहे किंवा वाट. कडेच्या फ्रिजकडे पाहा, तो रुंदीला फुगलेला वाटला तर भिंग फार रुंद आहे. आणि चित्र काढणाऱ्याकडे तीन गोष्टी मागा: कॅमेरा कुठे उभा आहे ते दाखवणारा वरून काढलेला नकाशा, कॅमेऱ्याची उंची (उभ्या माणसाच्या डोळ्यांएवढी, म्हणजे दीड मीटरच्या आसपास हवी), आणि प्रत्येक भिंतीचं सपाट समोरून काढलेलं रेखाचित्र. या रेखाचित्रात जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसत नाही, म्हणून त्यावर पट्टी ठेवून मोजता येतं. सुतारही त्यावरूनच डबे कापतो. रंगीत चित्र त्याच्या कामाचं नसतं.

बाईंना मी आकडे पाठवले तरी ९१० म्हणजे किती, हे त्यांना कळेना. ते साहजिक आहे. मग त्यांनी रिकाम्या खोलीत जमिनीवर चिकटपट्टी लावली: भिंतीपासून ६२० वर एक रेघ, समोरून ७५० वर फ्रिजची, ३५० वर कपाटाची. डिशवॉशरच्या जागी ६०० मिमीचा पुठ्ठा पसरला. दोघं नवरा-बायको त्या रेघांमध्ये संध्याकाळी अर्धा तास स्वयंपाक केल्यासारखे फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला: डिशवॉशर आणि सिंकच्या जागा चालतील, पण ३५० चं कपाट ३०० चं करा, नवऱ्याचा खांदा त्याला लागतोय.